फ्रिज-एसी दुरुस्तीवाल्याचे गूगल प्रोफाइल नव्याने कसे लिहावे: काय, कुठे आणि केव्हा

माझा धाकटा भाऊ फोंड्यात फ्रिज, एसी आणि वॉशिंग मशीन दुरुस्तीचे काम करतो. त्याचे गूगलवरचे व्यवसाय प्रोफाइल काही वर्षांपूर्वी एका परिचिताने करून दिले होते आणि त्यानंतर त्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते. फोन भरपूर येत, पण त्यांतले बरेच वाया जात. कोणी गाडीचा एसी दुरुस्त होईल का असे विचारी, कोणी पेडण्याहून बोलावी, तर कोणी दुपारी दोन वाजता बंद शटरसमोर उभे राहून "गूगलवर तर तुम्ही उघडे दिसता" असे ऐकवी. हे प्रोफाइल मी त्याच्यासोबत बसून पुन्हा लिहिले आणि त्यात ज्या चुका केल्या व निस्तरल्या, त्या तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे टिपण. उदाहरण फ्रिज-एसीचे असले तरी प्लंबर, इलेक्ट्रिशियन किंवा पाण्याची टाकी साफ करणारा अशा घरी जाऊन काम करणाऱ्या कोणालाही हाच क्रम लागू पडेल.

सुरुवातीला हाताशी असावे ते एवढेच: प्रोफाइलशी जोडलेल्या गूगल खात्याचा ईमेल व पासवर्ड, नेहमीचा मोबाइल, दुकानाच्या फलकाचा ताजा फोटो, आणि नगरपालिकेचा किंवा पंचायतीचा व्यवसाय परवाना व वीजबिल. शेवटची दोन कागदपत्रे रोज लागत नाहीत. मात्र नाव किंवा पत्ता बदलल्यावर गूगल पुन्हा पडताळणी मागू शकते आणि त्या वेळी फायली शोधत बसण्यात दिवस जातो.

१. प्रोफाइलची मालकी कोणाकडे आहे ते आधी पाहा

आपल्या खात्यातून गूगलवर `my business` असे शोधा. प्रोफाइल तुमच्या ताब्यात असेल तर वरच `Edit profile` हे बटण दिसेल. आमच्याकडे ते दिसलेच नाही, कारण प्रोफाइल करून देणाऱ्या परिचिताने ते स्वतःच्या ईमेलवर केले होते. अशा वेळी नवे दुसरे प्रोफाइल उघडण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. एकाच व्यवसायाची दोन प्रोफाइले झाली की जुने परीक्षण एकीकडे, नवा फोन दुसरीकडे असा गोंधळ होतो आणि गूगल त्यांतले एक बंदही करू शकते. जुन्या प्रोफाइलवरूनच मालकी मागण्याची विनंती पाठवावी. सध्याच्या मालकाला उत्तर देण्यासाठी तीन दिवस मिळतात आणि तो गप्प राहिला तर पुढे स्वतः पडताळणी करून ताबा मिळवण्याचा मार्ग पुष्कळदा खुला होतो. आमचे काम एका फोनवर झाले, कारण तो परिचित सज्जन होता आणि आपण मालक आहोत हे तो विसरूनच गेला होता.

२. पंधरा दिवस फोन लिहून काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि थेट लिहायला बसतात. आम्ही दुकानातल्या उधारीच्या वहीची मागची पाने घेतली आणि फोन करणाऱ्याने उचलल्याबरोबर जे पहिले वाक्य विचारले तेवढेच, त्याच्याच शब्दांत, लिहून ठेवले. "विंडो एसीचे करता काय?" "बोरीला येता?" "आज येणार की उद्या?" "गॅस भरायला किती घेणार?" पंधरा दिवसांनंतर पाने चाळली तेव्हा जवळजवळ सगळे प्रश्न तीनच ढिगांत पडले: काय करता, कुठे येता आणि केव्हा येता. किती अनुभव आहे, ग्राहकांचे समाधान हे ध्येय आहे की नाही, हे एकानेही विचारलेले नव्हते. आमच्या जुन्या प्रोफाइलचे वर्णन मात्र नेमके याच दोन गोष्टींनी भरलेले होते.

पुढच्या सगळ्या पायऱ्या या वहीवर उभ्या आहेत. एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. मोबाइलवर प्रोफाइल उघडणाऱ्याला सर्वांत आधी नाव, व्यवसायाचा प्रकार आणि आता उघडे आहे की बंद, एवढेच दिसते. तुम्ही मेहनतीने लिहिलेले वर्णन बरेच खाली असते. म्हणून प्रत्येक उत्तर त्याच्या ठरलेल्या रकान्यात बसवायचे, आणि कोणत्याही रकान्यात न मावणारे जे उरेल तेवढेच वर्णनात लिहायचे.

३. 'काय': नाव, प्रकार आणि सेवा

नावाच्या रकान्यात फलकावर जे आहे तेच असावे. आमच्या नावापुढे त्या परिचिताने `Best AC Repair Ponda Goa 24x7` असे शेपूट जोडले होते. अशाने शोधात वर येतो असा समज आहे, पण नावात सेवा, गाव किंवा जाहिरात कोंबणे गूगलच्या नियमांविरुद्ध आहे आणि कोणी तक्रार केली तर प्रोफाइल निलंबित होऊ शकते. आम्ही ते शेपूट काढले. नावात बदल केल्यामुळे पडताळणीसाठी व्हिडिओ मागितला गेला. त्यात रस्ता, फलक, शटरचे कुलूप उघडताना आणि आतली अवजारे असे सलग, न कापता चित्रित करावे लागते. संध्याकाळी अंधुक उजेडात घेतलेला आमचा पहिला व्हिडिओ नाकारला गेला, कारण त्यात फलक वाचताच येत नव्हता. सकाळी घेतलेला दुसरा स्वीकारला गेला.

प्रकार म्हणजे `Category` हा रकाना दिसायला लहान असला तरी 'काय' या प्रश्नाचे खरे उत्तर तोच देतो. एक मुख्य आणि जास्तीत जास्त नऊ जोडीचे प्रकार निवडता येतात, पण नऊच्या नऊ भरण्याची गरज नसते. आमचा मुख्य प्रकार `Electrician` असा पडलेला होता, आणि पंखा बसवायला बोलावणारे फोन कुठून येतात याचा उलगडा तेव्हा झाला. भावाचे सर्वांत जास्त काम एसीचे, म्हणून मुख्य प्रकार `Air conditioning repair service` ठेवला आणि जोडीला `Refrigerator repair service` व `Washer & dryer repair service` घेतले. दुकानात नवे एसी विकत नसाल तर विक्रीच्या दुकानाचा प्रकार घेऊ नये, नाहीतर किमती विचारणाऱ्यांचे फोन सुरू होतात.

त्यानंतर `Edit services` मध्ये जाऊन वहीतले शब्द सेवांच्या नावांत उतरवावेत. "सर्वसमावेशक शीतकरण उपाय" असे लिहून कोणालाही काही कळत नाही. "स्प्लिट एसी सर्व्हिसिंग", "एसीत गॅस भरणे", "फ्रिज थंड होत नसल्यास तपासणी" हे लगेच कळते. दर सांगायचा असेल तर तो इथे सांगावा, कारण प्रत्येक सेवेला ठरावीक दर किंवा 'इतक्यापासून पुढे' असा दर देण्याची सोय आहे. आम्ही फक्त भेटीचे शुल्क लिहिले. कॉम्प्रेसर गेला आहे की नुसता रिले, हे पाहिल्याशिवाय दुरुस्तीचा आकडा देणे भावाला पटत नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे.

४. 'कुठे': पत्ता दाखवायचा की नाही, आणि कोणती गावे

इथे पहिला निर्णय पत्त्याचा. गिऱ्हाईक तुमच्या जागी येते का, आणि लिहिलेल्या वेळेत तिथे माणूस असतो का? दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तरच पत्ता दाखवावा. भावाची खोली म्हणजे सामान ठेवण्याची आणि बंद पडलेला फ्रिज उघडून बसण्याची जागा. दिवसातला बराच वेळ तो स्कूटरवर असतो. म्हणून आम्ही `Location` मध्ये जाऊन पत्ता लपवला आणि फक्त सेवा देण्याची गावे ठेवली. पत्ता लपवल्याने प्रोफाइल बंद होत नाही. शटरसमोर येऊन परत जाणारी माणसे मात्र थांबतात, आणि परत गेलेले माणूस एक तारा देऊन जाते हे आम्ही अनुभवले होते.

गावे भरताना वीसपर्यंत नावे देता येतात. अमुक किलोमीटरचे वर्तुळ काढण्याची सोय आता नाही, गाव किंवा पिनकोड असेच निवडावे लागते. आपल्या ठिकाणापासून साधारण दोन तासांच्या प्रवासापलीकडे क्षेत्र नेऊ नये असे गूगल सांगते. गोवा लहान असल्यामुळे या नियमात जवळजवळ सगळे राज्य बसते, आणि खरा सापळा तिथेच आहे. आमच्या जुन्या प्रोफाइलवर नुसते `Goa` असे होते. काणकोणहून फोन आला की नाही म्हणावे लागे आणि म्हापशाला गेले की अर्धा दिवस जाई. फ्रिजच्या कामात पुष्कळदा दोन फेऱ्या होतात, एक तपासणीची आणि एक भाग घेऊन जाण्याची. गॅसचे सिलिंडर आणि व्हॅक्युम पंप स्कूटरवर बांधून एका दिवसात दोनदा जाऊन येता येईल तेवढेच आपले क्षेत्र, असा भावाने स्वतःपुरता नियम केला. त्यातून ही यादी निघाली: फोंडा शहर, बांदोडा, कवळे, बोरी, शिरोडा, मडकई, म्हार्दोळ, कुंडई, उसगाव आणि धारबांदोडा. बोरीचा पूल ओलांडून मडगावच्या बाजूला तो ओळखीच्या माणसाकडे जातो, पण तो परिसर यादीत घातला नाही.

यादीत गाव घातले म्हणजे त्या गावातल्या शोधात आपण वर येऊ, हा समज चुकीचा आहे. शोधणाऱ्यापासूनचे अंतर, शोधाशी असलेला मेळ आणि व्यवसायाची प्रसिद्धी यांवर गूगल क्रम ठरवते. यादीचा उपयोग एवढाच, की प्रोफाइल उघडणाऱ्याला 'आमच्याकडे येतात की नाही' हे कळते.

आता आमची सर्वांत हास्यास्पद चूक सांगतो. मी यादी भरताना `Shiroda` असे टाइप केले आणि सुचवलेल्या नावांतले पहिले निवडले. आठवड्याभराने एका बाईंचा फोन आला, फ्रिजमधून पाणी गळते म्हणून. भाऊ "अर्ध्या तासात पोहोचतो" म्हणाला. "इतक्या लवकर कसे याल?" असे त्यांनी विचारले तेव्हा उलगडा झाला की त्या वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याहून बोलत होत्या. त्या नावाचे एक गाव आपल्याकडे फोंडा तालुक्यात आहे आणि एक सिंधुदुर्गात. `Phonda` असे लिहिले तर कणकवलीकडच्या फोंडाघाटावर बोट पडण्याची भीती तशीच असते. म्हणून नाव निवडताना त्याच्यापुढे लिहिलेले राज्य वाचावे, आणि सगळी नावे भरून झाल्यावर नकाशावर उमटलेले क्षेत्र एकदा डोळ्यांखालून घालावे. तेरेखोल ओलांडून एखादा तुकडा दूर उत्तरेला रंगलेला दिसला, तर कुठेतरी भलतेच गाव निवडले गेले आहे. शहराच्या बाबतीत शंका नको असेल तर पिनकोड द्यावा. फोंड्याचा 403401 आहे.

वाड्यांची नावे शोधत बसू नये, बहुतेक सापडत नाहीत.

५. 'केव्हा': या प्रश्नाचे दोन अर्थ आहेत

फोन केव्हा उचलता हा एक अर्थ आणि घरी केव्हा येता हा दुसरा. `Hours` चा रकाना फक्त पहिल्याचे उत्तर देतो. पत्ता लपवलेल्या व्यवसायाने तिथे गिऱ्हाइकाशी बोलायला माणूस हजर असतो ती वेळ लिहावी.

आमच्या प्रोफाइलवर चोवीस तास उघडे असे होते. रात्री एक वाजता एसी थंड होत नाही म्हणून फोन येत, भाऊ उचलत नसे, आणि मग "फोन उचलत नाहीत" असे परीक्षण पडे. ते काढून आम्ही नऊ ते सात केले, पण त्यातही चूक राहिली. आपल्याकडे दुपारी एकनंतर बाजार झोपतो आणि साडेतीन-चारला पुन्हा जागा होतो, हे गोव्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. पण गूगलला सांगावे लागते, आणि बाहेरून येऊन इथे भाड्याने राहणाऱ्यालाही. एका दिवसासाठी वेळेच्या दोन जोड्या देता येतात. पहिली जोडी भरून `Add hours` दाबले की दुसरी ओळ उघडते. आता तिथे सकाळी 9 ते 1 आणि दुपारी 3:30 ते 7 असे आहे, रविवारी बंद. भरताना एएम-पीएम नीट पाहावे. आमचे एक दिवसाचे 3:30 चुकून पहाटेचे झाले होते आणि त्या दिवशी प्रोफाइलवर भलत्याच वेळी 'उघडे' दिसत होते.

सणांच्या सुट्ट्यांसाठी नेहमीच्या वेळा बदलू नयेत. त्यासाठी `Special hours` असा वेगळा भाग आहे आणि तिथे त्या-त्या तारखेपुरता बदल होतो. ती तारीख सरली की नेहमीच्या वेळा आपोआप परत येतात. चतुर्थीला भाऊ गावच्या घरी जातो आणि पाच दिवस काम बंद असते, तेव्हा त्या पाचही तारखा आम्ही आठवडाभर आधी भरून ठेवतो. पहिल्या वर्षी मी नेहमीच्याच वेळा पुसून सगळीकडे बंद असे केले आणि विसर्जनानंतर पुन्हा भरायला विसरलो. फोन का येत नाहीत हे कळायला दोन आठवडे गेले.

घरी केव्हा येणार, या दुसऱ्या अर्थासाठी कोणताही रकाना नाही. ते उत्तर वर्णनात द्यायचे.

६. वर्णन सर्वांत शेवटी लिहा

वर्णनाला 750 अक्षरांची मर्यादा आहे आणि मराठीत ती लवकर भरते, कारण काना, मात्रा, अनुस्वार हेही वेगळे मोजले जातात. त्यात वेबसाइटचे दुवे चालत नाहीत, आणि किमती व सवलतींच्या जाहिराती तिथे घालू नयेत असा नियम आहे. शिवाय उघडल्यावर सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचे दाबून उलगडावे लागते.

आमचे जुने वर्णन असे सुरू होत असे: "ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय मानून गेली अनेक वर्षे उत्कृष्ट व विश्वासार्ह सेवा देणारे गोव्यातील अग्रगण्य नाव." यात फ्रिज हा शब्दसुद्धा नाही. वही समोर ठेवून लिहिलेले नवे वर्णन असे आहे:

"फोंडा तालुक्यात व धारबांदोड्यात घरी येऊन घरगुती फ्रिज, स्प्लिट व विंडो एसी आणि वॉशिंग मशीन यांची दुरुस्ती व सर्व्हिसिंग करतो. सकाळी 11 पर्यंत फोन आल्यास शक्यतो त्याच दिवशी येतो, त्यानंतर आल्यास दुसऱ्या दिवशी. रविवारी काम बंद. गाडीचे एसी व हॉटेलांची शीतगृहे करत नाही. फोन करताना कंपनीचे नाव, मॉडेल आणि पाणी गळते, थंड होत नाही की आवाज येतो, एवढे सांगावे."

पहिल्या वाक्यात काय आणि कुठे, दुसऱ्यात केव्हा. 'करत नाही' असे लिहायला भाऊ आधी तयार नव्हता, गिऱ्हाईक तुटेल म्हणून. पण ते गिऱ्हाईक त्याचे कधीच नव्हते. नुसता फोन त्याचा होता. गाडीच्या एसीचे फोन पूर्ण बंद झाले नाहीत, मात्र बरेच उतरले. शेवटचे वाक्य मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण मॉडेल आधी कळले तर पहिल्याच फेरीत योग्य भाग बरोबर नेता येतो.

त्याच दिवशी येण्याचे वाक्य मात्र बारा महिने खरे राहत नाही. मार्च ते मे या उकाड्याच्या दिवसांत एसीची कामे इतकी तुंबतात की दोन-दोन दिवस लागतात. तेव्हा मार्च लागताच आम्ही ते वाक्य "फोन केल्यापासून दोन दिवसांत येतो" असे बदलतो आणि पाऊस स्थिरावला की परत पहिल्यासारखे करतो. पाळता न येणारे वाक्य ठेवण्यापेक्षा हे बरे.

भाषेबद्दल एवढेच सांगतो. फर्मागुडीच्या बाजूला राहणारे विद्यार्थी आणि परप्रांतीय भाडेकरू इंग्रजीत वाचतात, वाड्यावरचे गिऱ्हाईक मराठीत. आम्ही पहिली दोन वाक्ये आधी साध्या इंग्रजीत आणि खाली सगळे मराठीत असे ठेवले. मर्यादेत बसावे म्हणून दोन विशेषणे गेली, त्यांची उणीव कोणाला जाणवली नाही.

७. जतन केल्यावर बाहेरून तपासा

बदल जतन केला की तो लगेच दिसेलच असे नाही. काही बदल मिनिटांत लागतात, काही तपासणीत अडकून दिवस घेतात. या काळात तोच बदल पुन्हा पुन्हा करू नये. नाव आणि पत्ता एका दिवशी आणि बाकीचे दुसऱ्या दिवशी असे केल्यास काय अडकले आहे ते समजते.

आपल्याच खात्यातून पाहिले तर मालकाची बटणे दिसतात, गिऱ्हाइकाला काय दिसते ते कळत नाही. म्हणून `Incognito` खिडकीत पाहावे, आणि त्याहून चांगले म्हणजे दुसऱ्याच्या फोनवर. आम्ही हा प्रयोग उसगावला राहणाऱ्या आमच्या मावशीवर केला. तिला प्रोफाइल उघडून दिले आणि घड्याळ लावून तीन प्रश्न विचारले: हा वॉशिंग मशीन करतो का, तुझ्याकडे येईल का, आणि आत्ता दुपारी दोनला फोन केला तर उचलेल का? पहिली दोन उत्तरे तिने पंधरा सेकंदांच्या आत दिली. तिसऱ्याला ती अडली, कारण 'बंद' एवढेच दिसत होते आणि दुपारची दुसरी वेळ पाहण्यासाठी त्या ओळीवर दाबायचे असते हे तिला ठाऊक नव्हते. त्या संध्याकाळी आम्ही वर्णनात सकाळच्या 11 च्या वाक्याआधी "फोन 9 ते 1 व 3:30 ते 7" हे शब्द घातले.

अजून एक काम महिन्यातून एकदा करावे लागते. कोणीही वाटसरू तुमच्या वेळांत किंवा प्रकारांत बदल सुचवू शकतो आणि गूगल तो कधी कधी परस्पर लावूनही टाकते. `Edit profile` उघडल्यावर असे बदल वेगळ्या रंगात दिसतात आणि ते स्वीकारायचे की नाकारायचे हे ठरवता येते. मागच्या महिन्यात कोणीतरी आमचा रविवार उघडा करून ठेवला होता.